घराचे पासवर्ड: एका पेटीत ठेवायचे की वहीत?

बचतगटाच्या हिशोबाच्या वहीत शेवटच्या पानावर काय लिहिलेलं असतं, हे आम्हा समन्वयकांना चांगलं माहीत आहे. वीज बिलाचा ग्राहक क्रमांक, नेटफ्लिक्सचा पासवर्ड, अमेझॉनचा पासवर्ड, आणि एखाद्या वहीत तर यूपीआयचा पिनसुद्धा. ज्यांच्या वहीत नसतं त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असतं. मुलगा पुण्याहून विचारतो, "आई, पासवर्ड काय गं?" आणि आपण टाइप करून पाठवतो. तो निरोप मग दोन्ही फोनमध्ये कायमचा पडून राहतो.

हे सगळं एका जागी, कुलूप लावून ठेवण्यासाठी पासवर्ड मॅनेजर नावाची अ‍ॅप असतात. आजच्या भाषणात आम्ही त्यांना पेटी म्हणणार आहोत. अशा पेट्या बऱ्याच आहेत. आपल्या घरांना परवडतील, म्हणजे फुकट मिळतील, अशा तीन पेट्यांची आज तुलना करू. पण पेटी घेण्याआधी तिच्यात काय ठेवायचं ते ठरवावं लागतं. म्हणून आधी एक घर डोळ्यांसमोर आणू.

आधी तीन ढीग करा

समजा मंगरुळपीर तालुक्यातलं एक घर आहे. घरात सासू-सासरे, मुलगा आणि सून. धाकटा दीर पुण्यात नोकरीला, नात अकोल्यात कॉलेजला. माणसं सहा. सासऱ्यांकडे बटणाचा साधा फोन, सासूबाईंकडे फोन नाही. बाकी चौघांकडे स्मार्टफोन. सुनेच्या फोनचा पॅटर्न घरातल्या सगळ्यांना पाठ आहे, कारण संध्याकाळी तो फोन सगळ्यांचाच असतो.

या घरातली खाती कागदावर मांडली तर बारा निघतात: महावितरणचं खातं, नेटफ्लिक्स, अमेझॉन, वायफाय, जिओहॉटस्टार, फ्लिपकार्ट, मीशो, गॅस सिलिंडरची नोंदणी, डीटीएच, सुनेचं बँकेचं अ‍ॅप, सुनेचा यूपीआय पिन आणि सुनेचा जीमेल. आता यांचे तीन ढीग करू.

पहिला ढीग ओटीपीवर चालणाऱ्या खात्यांचा. जिओहॉटस्टार, फ्लिपकार्ट, मीशो यांत मोबाइल नंबर टाकला की ओटीपी येतो आणि खातं उघडतं. गॅसची नोंदणीही आपल्या नोंदवलेल्या नंबरावरून होते, डीटीएचचं रिचार्जही तसंच. पासवर्डची गरजच नाही, त्यामुळे पेटीत ठेवायलाही काही नाही. या पाच खात्यांची किल्ली म्हणजे सिमकार्ड. पेटीत किंवा वहीत एवढीच नोंद करायची की कोणतं खातं कोणाच्या नंबरावर आहे. ही नोंद वाटते त्यापेक्षा महत्त्वाची आहे. घरातलं एखादं जुनं सिम रिचार्ज न करता पडून राहिलं आणि ९० दिवस त्याचा काहीच वापर झाला नाही, तर कंपनी ते बंद करू शकते. तोच नंबर पुढे दुसऱ्या कुणाला मिळतो, आणि आपल्या खात्याचे ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात. म्हणून सिम सोडायच्या आधी त्या नंबरावरची सगळी खाती दुसऱ्या नंबरावर घ्यायची.

दुसरा ढीग स्वतःच्या खात्यांचा. बँकेचं अ‍ॅप, यूपीआय पिन आणि जीमेल. ही तीन खाती कुणालाही द्यायची नाहीत, नवऱ्यालाही नाही आणि लेकीलाही नाही. यात अविश्वासाचा प्रश्न नाही, नियमाचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने असा नियम केला की तिसऱ्याच कुणी केलेल्या फसवणुकीत चूक ग्राहकाची नसेल आणि बँकेकडून कळल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने तक्रार केली, तर नुकसान ग्राहकाच्या माथी येत नाही. पण ग्राहकाने स्वतः पिन किंवा पासवर्ड दुसऱ्याला दिलेला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. पिन चार जणांना माहीत असताना "आमची चूक नव्हती" हे सांगायचं कसं? जीमेल या ढिगात अशासाठी, की बाकीच्या खात्यांचा पासवर्ड विसरला की नवा पासवर्ड करायची लिंक जीमेलवरच येते. ज्याच्या हातात जीमेल, त्याच्या हातात सगळी खाती.

तिसरा ढीग घराच्या खात्यांचा. महावितरण, नेटफ्लिक्स, अमेझॉन आणि वायफाय, असे चार पासवर्ड राहतात. म्हणजे बारा खात्यांपैकी चारच खरोखर वाटून घ्यायची आहेत. त्यातलंही अमेझॉन बाहेर काढावं लागेल. ते का, हे पुढे येईल.

पहिली पेटी: गूगलची

अँड्रॉइड फोनमध्ये ही पेटी आधीच असते. क्रोममध्ये एखादा पासवर्ड टाकला की "सेव्ह करायचा का?" असं विचारतं, तीच ही पेटी. वेगळं अ‍ॅप घ्यायला नको, पैसे नकोत, नवा पासवर्ड लक्षात ठेवायला नको. गूगलचं खातं हीच तिची किल्ली.

वाटून घेण्यासाठी गूगलवर कुटुंबाचा गट करावा लागतो. त्यात गट करणारी व्यक्ती धरून सहा जण बसतात, प्रत्येकाचं स्वतःचं गूगल खातं हवं. गट झाला की पेटीतला पासवर्ड उघडायचा, Share दाबायचं आणि नाव निवडायचं. २०२४ पासून ही सोय आहे.

आता तिचा स्वभाव समजून घ्या. गूगल समोरच्याला पासवर्डची प्रत देतं. झेरॉक्स काढून द्यावी तसं. सुनेने नेटफ्लिक्सचा पासवर्ड नवऱ्याला पाठवला की नवऱ्याच्या पेटीत त्याची झेरॉक्स गेली. पुढच्या महिन्यात सुनेने पासवर्ड बदलला तर नवऱ्याकडे जुनाच राहतो. परत पाठवावा लागतो. चार जणांना दिला असेल तर चौघांना पाठवावा लागतो. वर्षातून एकदा बदलणाऱ्या खात्याला हे चालून जातं.

दुसरी गोष्ट अधिक मोठी आहे. ही पेटी फोनच्या लॉकने उघडते. ज्याला फोनचा पॅटर्न माहीत, त्याला पेटीतला प्रत्येक पासवर्ड वाचता येतो. आपल्या उदाहरणातल्या सुनेच्या फोनचा पॅटर्न सगळ्या घराला माहीत आहे. म्हणजे तिच्या गूगल पेटीला कुलूप आहे, पण किल्ली दाराला टांगलेली आहे. ज्या घरात प्रत्येकीचा फोन आणि फोनचा पिन स्वतंत्र आहे, तिथे गूगलची पेटी सगळ्यात सोपी. एकच फोन चौघांत फिरत असेल तर ती आपल्या कामाची नाही.

तिचा एक गुणही सांगितला पाहिजे. गूगलचा पासवर्ड विसरलात तरी नोंदवलेल्या मोबाइल नंबरावरून खातं बहुतेक वेळा परत मिळवता येतं. बाकी दोन पेट्यांमध्ये ही माफी नाही.

दुसरी पेटी: बिटवॉर्डन

बिटवॉर्डन हे वेगळं अ‍ॅप आहे. प्ले स्टोअरवर घेताना बनवणाऱ्याचं नाव Bitwarden Inc. आहे ना, ते बघायचं. फुकटच्या खात्यात कितीही पासवर्ड ठेवता येतात आणि ते कितीही फोनवर उघडता येतं. या पेटीला स्वतःचा मुख्य पासवर्ड असतो, तो फोनच्या लॉकपेक्षा वेगळा. फोन कुणाच्याही हातात असला तरी पेटी बंद राहते, मात्र अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये पेटी लगेच बंद होण्याची वेळ लावलेली हवी. बोटाच्या ठशानेही ती उघडता येते, पण फोनमध्ये नवऱ्याचा आणि मुलांचा ठसा आधीच घातलेला असेल तर तो पर्याय सुरू करायचा नाही, नाहीतर त्यांच्याही ठशाने पेटी उघडेल.

वाटून घ्यायची पद्धतही वेगळी आहे. फुकटात दोन माणसांची एक सामाईक पेटी करता येते. दोघींची स्वतःची पेटी स्वतःकडेच राहते आणि मधे एक तिसरी, दोघींची. तिच्यात ठेवलेला पासवर्ड एकच असतो, त्याची झेरॉक्स नसते. एकीने बदलला की दुसरीला पुढच्या वेळी नवाच दिसतो. बचतगटाचं पासबुक एकच असतं आणि अध्यक्ष-सचिव दोघी तेच बघतात, तसं हे.

सामाईक पेटी सुरू करायला vault.bitwarden.com या पानावर जावं लागतं. तिथे New organization करायचं, फुकटची योजना निवडायची आणि दुसरीचा ईमेल टाकून तिला आमंत्रण पाठवायचं. दुसरी तिच्या ईमेलमधून ते स्वीकारते. इथे बहुतेक जणी थांबतात आणि मग "तिला काहीच दिसत नाही" अशी तक्रार येते. कारण तिसरी पायरी राहिलेली असते. पहिलीने परत त्या पानावर जाऊन दुसरीच्या नावापुढे Confirm दाबावं लागतं. आमंत्रण, स्वीकार आणि खात्री या तिन्ही पायऱ्या झाल्यावरच पेटी दोघींची होते.

दोनपेक्षा जास्त माणसं हवी असतील तर पैसे भरावे लागतात. सहा जणांच्या कुटुंब योजनेची किंमत गेली अनेक वर्षं वर्षाला ४० डॉलर होती, म्हणजे तीन हजार रुपयांच्या वर. घेण्याआधी आजचा दर बघा. पण आधी आपले ढीग बघा. कदाचित दोघींच्या पेटीतच काम भागेल.

या पेटीचा धोका एकच, पण पक्का. मुख्य पासवर्ड विसरलात तर कंपनीही पेटी उघडून देऊ शकत नाही. पासवर्ड आपल्या फोनमध्येच कुलूपबंद होतात आणि मग कंपनीकडे जातात. किल्ली तिच्याकडे नसतेच. आणखी एक गाठ इथे बसते. नव्या फोनवर पेटी उघडताना बिटवॉर्डन आपल्या ईमेलवर एक कोड पाठवतं. आता ईमेलचा पासवर्ड फक्त पेटीतच ठेवला असेल तर काय होईल? पेटी उघडायला ईमेल हवा आणि ईमेल उघडायला पेटी. फोन हरवला त्या दिवशी दोन्ही बंद. म्हणून जीमेलचा पासवर्ड आणि पेटीचा मुख्य पासवर्ड हे दोन कागदावर लिहून, पाकिटात बंद करून, रेशनकार्ड आणि सातबारा ठेवता त्या पेटीत ठेवायचे. कागद इंटरनेटवरून चोरता येत नाही. हे दोन पासवर्ड ठेवायला त्याहून चांगली जागा नाही.

तिसरी पेटी: कीपासडीएक्स

ही पेटी फुकट आहे आणि तिला कंपनीचं खातं लागत नाही, ईमेल लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. प्ले स्टोअरवर KeePassDX शोधायचं, बनवणाऱ्याचं नाव Kunzisoft. हे अ‍ॅप आपल्या फोनमध्ये एक फाइल तयार करतं. सगळे पासवर्ड त्या फाइलमध्ये आणि फाइलला एक मुख्य पासवर्ड. ज्या गावात टॉवर दिवसातून दोनदा जातो, तिथेही ती उघडते.

वाटून घ्यायचं म्हणजे फाइलची प्रत दुसऱ्या फोनवर द्यायची आणि मुख्य पासवर्ड तोंडी सांगायचा. अडचण तिथेच आहे. सुनेने तिच्या फोनवर वीज खात्याचा पासवर्ड बदलला आणि त्याच आठवड्यात लेकीने तिच्या प्रतीत वायफायचा बदलला. आता दोन फाइली झाल्या आणि दोन्ही अर्ध्या खऱ्या. म्हणून ही पेटी घेणाऱ्या घराने नियम करायचा: लिहिणारी एकच, बाकीचे वाचणारे. बदल झाला की लिहिणारीच नवी प्रत देते आणि जुनी पुसायला लावते.

दुसरं, ही फाइल फक्त फोनमध्ये असेल आणि फोन विहिरीत पडला, तर सगळं गेलं. महिन्यातून एकदा मेमरी कार्डवर किंवा पेनड्राइव्हवर प्रत काढायलाच हवी. हे आठवणीने करणारी बाई घरात असेल तरच ही पेटी घ्या.

मुख्य पासवर्ड कसा करायचा

बिटवॉर्डन आणि कीपासडीएक्स दोन्हींत सगळं मुख्य पासवर्डवर उभं आहे. २०२२ साली लास्टपास नावाच्या मोठ्या कंपनीतून ग्राहकांच्या पेट्यांच्या प्रती चोरीला गेल्या. पेट्या कुलूपबंद होत्या. पण चोराने पेटीच घरी नेल्यावर त्याला घाई नसते. संगणकाने तो एकामागून एक किल्ल्या लावत बसतो. ज्यांचा मुख्य पासवर्ड लांब आणि वेगळा होता त्यांची पेटी टिकते. ज्यांचा छोटा, किंवा दुसरीकडेही वापरलेला होता, त्यांची उघडू शकते. म्हणून असं कधी झालंच तर मुख्य पासवर्ड बदलून भागत नाही, कारण चोराकडची प्रत जुन्याच किल्लीने उघडते. आतले सगळे पासवर्ड बदलावे लागतात.

लांब म्हणजे अवघड असं नाही. लेकराचं शाळेचं पुस्तक घ्या, डोळे मिटून पान उघडा, बोट ठेवा, जो शब्द येईल तो लिहा. असं पाच वेळा करा. शब्द रोमन अक्षरांत लिहून मधे छोटी रेघ द्या:

```
vihir-rumal-ganit-pavsala-topali
```

हाच वापरू नका, हा आता सगळ्यांनी वाचला. एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द आठ दिवस रोज टाइप केले की हाताला बसतात. गावाचं नाव, देवाचं नाव, मुलाची जन्मतारीख घेऊ नका. ओळखीचा माणूस सगळ्यात आधी तेच लावून बघतो.

आपल्या घराने काय निवडलं

आता परत उदाहरणातल्या घराकडे येऊ. चार पासवर्ड वाटायचे होते. एकेक करून बघू.

वीज बिल. बिल बघायला आणि भरायला पासवर्ड लागतच नाही. बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक आणि चार आकडी बिलिंग युनिट पुरतं. नवऱ्याला आणि दिराला तेवढंच द्यायचं. महावितरणच्या खात्याचा पासवर्ड मात्र सून आणि लेक दोघींकडे हवा, कारण घराचं आणि शेतपंपाचं अशी दोन्ही कनेक्शनं एकाच खात्यात जोडता येतात, तक्रारही तिथूनच टाकता येते.

नेटफ्लिक्स. घरच्या टीव्हीवर ते एकदा सुरू केलं की रोज पासवर्ड लागत नाही. दिराला पुण्यात बघायचं होतं. पण जुलै २०२३ पासून नेटफ्लिक्सने भारतात नियम केला की एक खातं एका घरात राहणाऱ्यांसाठी. पेटी कितीही चांगली असली तरी हा नियम ती बदलत नाही. दिराला स्वतःचं खातं घ्यावं लागेल. त्याला आधी पासवर्ड दिलेला होता, म्हणून पासवर्ड बदलायचा आणि खात्याच्या पानावरून सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करायचं. नुसतं पेटीतून कुणाला काढल्याने त्याला माहीत झालेला पासवर्ड पुसला जात नाही.

अमेझॉन. दिराने सहज विचारलं, "वहिनी, प्राइम व्हिडिओचा पासवर्ड द्या, एक सिनेमा बघायचा आहे." प्राइम व्हिडिओ आणि अमेझॉनची खरेदी यांचं खातं एकच असतं. सिनेमासाठी दिलेल्या पासवर्डने आपल्या ऑर्डरी, घराचा पत्ता, साठवलेलं कार्ड आणि अमेझॉन पेमधली शिल्लकही समोर येते. दीर चांगलाच आहे. पण त्याच्या खोलीत आणखी तिघं राहतात आणि टीव्ही सगळ्यांचा आहे. म्हणून अमेझॉन दुसऱ्या ढिगात, सुनेच्या स्वतःच्या पेटीत गेलं. घरच्या टीव्हीवर प्राइम व्हिडिओ लावायचं तर टीव्हीवर एक कोड दिसतो. सुनेने स्वतःच्या फोनवर primevideo.com/mytv उघडून तो कोड टाकायचा. टीव्ही सुरू होतो आणि पासवर्ड कुणालाच सांगावा लागत नाही.

वायफाय. हा पासवर्ड सगळ्यांनाच हवा असतो, तो भिंतीवर लिहिला तरी चालेल. पण दुसऱ्या कुठल्याही खात्याला तोच पासवर्ड नको.

म्हणजे सामाईक पेटीत उरलं काय? महावितरण, नेटफ्लिक्स आणि वायफाय. माणसं दोन, सून आणि लेक. या घराला बिटवॉर्डनची फुकटची दोघींची पेटी पुरली. गूगलची का नको, ते आपण पाहिलं: सुनेच्या फोनचा पॅटर्न सगळ्यांना माहीत आहे. लेक अकोल्यात असते, हा इथे फायदाच आहे. सुनेचा फोन हरवला तरी घराचे पासवर्ड लेकीच्या फोनवर जागेवर असतात.

तुमच्या घरात उत्तर वेगळं येऊ शकतं. सगळ्यांचे फोन आणि फोनचे पिन स्वतंत्र असतील तर गूगलचा कुटुंब गट. नेटवर्क बेभरवशाचं आणि लिहिणारी एकच असेल तर कीपासडीएक्स. घरात स्मार्टफोनच एक असेल आणि खाती दोन-तीनच असतील, तर कुलपातली वही. फक्त ती गटाच्या हिशोबाची वही नसावी, कारण ती वही बैठकीत दहा जणींच्या हातातून फिरते.

बदलताना क्रम आणि अडचणी

एका रात्रीत सगळं करू नका. आधी जीमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकीच्यांची किल्ली तिथे आहे. दुसऱ्या दिवशी अमेझॉन, मग नेटफ्लिक्स, मग महावितरण. प्रत्येक वेळी नवा पासवर्ड पेटीलाच तयार करायला सांगा, तो पेटीत साठला हे बघा, आणि मगच खात्यातून बाहेर पडून परत आत जाऊन तपासा. तपासल्याशिवाय जुनी नोंद पुसू नका.

एक घोटाळा नेहमी होतो. बिटवॉर्डन घेतल्यावरही गूगल मधेच "सेव्ह करायचा का?" विचारत राहतं आणि आपण सवयीने हो म्हणतो. मग अर्धे पासवर्ड एका पेटीत, अर्धे दुसऱ्या पेटीत. ओळखायची खूण अशी, की एखादा पासवर्ड एका पेटीत जुना आणि दुसरीत नवा दिसतो. फोनच्या सेटिंगमध्ये पासवर्ड आपोआप भरणाऱ्या अ‍ॅपच्या जागी एकाच पेटीचं नाव निवडा आणि क्रोममधलं साठवणं बंद करा.

आणि आता जी गोष्ट वही कधीच करू शकत नाही ती. "मागील बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या नंबरावर फोन करा," असे निरोप महाराष्ट्रात गावोगावी आले. महावितरणचे निरोप MSEDCL या नावाने येतात, कुणाच्या खासगी नंबरावरून येत नाहीत. समजा अशा निरोपातली लिंक दाबली आणि हुबेहूब महावितरणसारखं पान उघडलं. आपल्या डोळ्यांना फरक दिसत नाही. पण पेटीला पानाचा पत्ता दिसतो. खरं पान mahadiscom.in चं, हे दुसरंच. त्यामुळे पेटी पासवर्ड भरायला पुढे येत नाही. नेहमी आपोआप भरणारी पेटी गप्प बसली की आपणही हात थांबवायचा आणि पत्ता वाचायचा. कधी खऱ्या अ‍ॅपमध्येही ती गप्प बसते, तेव्हा आपण स्वतः उघडलेलं अ‍ॅप आहे याची खात्री करून मगच पासवर्ड पेटीतून उचलून टाकायचा. लिंकवरून आलेल्या पानावर मात्र कधीच नाही.

पेटीची हद्दही तिथेच संपते. फोनवरच्या माणसाने सांगितलं म्हणून स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप घेतलं, अनोळखी फाइल उघडली किंवा ओटीपी वाचून दाखवला, तर कोणतीही पेटी वाचवत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, त्याच दिवशी बँकेत लेखी द्या आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एका कागदावर आपल्या घरातली खाती लिहून आणा. पासवर्ड लिहू नका, फक्त नावं लिहा, आणि प्रत्येकापुढे ओटीपी, माझं किंवा घराचं यांपैकी एक शब्द. "घराचं" या शब्दापुढे किती खाती उरतात ते मोजू, आणि मग कोणत्या घराला कोणती पेटी पुरेल ते ठरवू.